अनुवाद अर्ध्यावर थांबवायचा असेल तर: झालेल्या कामाचा हिशेब, हक्क आणि निरोप

सांगलीत आमचं छोटं प्रकाशन आहे. वर्षाला सहा-सात पुस्तकं निघतात, त्यातली दोन-तीन कन्नडमधून येतात. माझं माहेर कर्नाटकातल्या जमखंडीचं, त्यामुळे मूळ पुस्तक समोर ठेवून अनुवाद तपासायचं काम माझ्याकडे असतं. आजवर दोनदा मला चालू अनुवाद मध्येच थांबवावा लागला. पहिल्या वेळी मी तो वाईट पद्धतीनं थांबवला आणि त्याची किंमत मोजली. दुसऱ्या वेळी नीट थांबवला. या लेखात दुसऱ्या वेळचं काम पायरीपायरीनं सांगते आहे, कारण छोट्या प्रकाशकाला आणि स्वखर्चानं पुस्तक करून घेणाऱ्या लेखकाला ही वेळ कधीतरी येतेच.

पहिल्या वेळी काय झालं ते थोडक्यात सांगते. इंग्रजी पुस्तक होतं, अनुवादक पुण्याचे. काम रखडलं, मी वैतागले आणि फोनवरच म्हणाले, "आता थांबूया, झालंय तेवढ्याचे पैसे देते." ते म्हणाले, बारा प्रकरणं झालीत. माझ्याकडे आली होती आठ. मी आठांचे पैसे पाठवले, उरलेलं दुसऱ्याकडून करून घेतलं आणि पुस्तक छापलं. पाचशे प्रती बांधून आल्या आणि आठवड्याभरात वकिलाचं पत्र आलं: आठ प्रकरणं छापण्याचा हक्क तुम्हाला कधी दिला? मी पैसे दिले होते, पण हक्क लिहून घेतला नव्हता. प्रती पाच महिने गोदामात पडून राहिल्या आणि शेवटी मी बाराही प्रकरणांचे पैसे भरले. त्या अनुवादकांचं काही चुकलं नव्हतं. "झालेलं काम" म्हणजे काय हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं, आणि पैसे व हक्क या दोन गोष्टी मी वेगळ्या होऊ दिल्या होत्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन चुका टाळण्यासाठी आहेत.

आधी करार काढून वाचा, आणि नसेल तर निरोप वाचा

दुसऱ्या वेळची गोष्ट अशी. उत्तर कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याचं कन्नड आत्मकथन, छापील २४० पानं, १८ प्रकरणं. अनुवादिका सातारच्या, निवृत्त शिक्षिका. सगळेच त्यांना बाई म्हणतात, मीही बाईच म्हणते. करार जून २०२४ चा, मुदत दहा महिने, मानधन ठोक ७२,००० रुपये, सहीच्या वेळी १५,००० आगाऊ. मूळ प्रकाशकानं आम्हाला मराठी आवृत्तीची परवानगी देताना डिसेंबर २०२५ ची अट घातली होती. तोवर पुस्तक बाजारात आलं नाही तर परवानगी संपणार. जुलै २०२५ उजाडला तेव्हा माझ्या हातात नऊ प्रकरणं होती. बाईंच्या घरी मोठं आजारपण चालू होतं आणि त्यांच्यानं काम रेटत नव्हतं.

अशा वेळी करारात तीन गोष्टी शोधायच्या. करार मध्येच संपवण्याचं कलम आहे का, आणि किती दिवसांची सूचना द्यायला सांगितली आहे? मानधन ठोक आहे की पानामागे वा शब्दामागे? आणि अनुवादाचा हक्क प्रकाशकाकडे नेमका कधी येतो: सही झाल्यावर, काम पूर्ण झाल्यावर की पूर्ण पैसे दिल्यावर? आमच्या करारात "संपूर्ण अनुवाद स्वीकारल्यानंतर हक्क हस्तांतरित होतील" असं लिहिलं होतं. बहुतेक करारांत असंच असतं, आणि अर्ध्यावर थांबलं की हेच वाक्य अडचणीत आणतं. संपूर्ण अनुवाद होणारच नसेल तर हस्तांतरणही कधी होणार नाही.

लेखी करार नसेल तर करारच नाही असं समजू नका. व्हॉट्सॲपवर दर आणि मुदत ठरली असेल तर तोही करारच. फक्त हक्काचं तसं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनिशीच व्हावं लागतं. शिवाय मानधनावर बाहेरून काम करणारा अनुवादक हा तुमचा नोकर नसतो, म्हणून कलम १७ प्रमाणे त्यानं केलेल्या अनुवादाचा पहिला मालक तोच. मूळ पुस्तकाची परवानगी तुमच्याकडे असली तरी मराठी मजकूर अनुवादकाचाच राहतो. म्हणजे तुमच्याशिवाय तो छापू शकत नाही, आणि त्याच्या सहीशिवाय तुम्ही छापू शकत नाही.

दोष कोणाचा, हे प्रामाणिकपणे ठरवा

"झालेल्या भागाचेच पैसे" ही भूमिका प्रत्येक वेळी न्याय्य नसते. अनुवादकाकडून उशीर झाला, त्यानं काम सोडलं किंवा परिस्थितीमुळे दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं, तर ती ठीक आहे. पण तुमचं बजेट कोसळलं, मूळ हक्क मिळाले नाहीत किंवा तुम्हालाच दुसरा अनुवादक जास्त आवडला म्हणून थांबवत असाल, तर त्यानं तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या महिन्यांचंही काही देणं लागतं. करारात आकडा नसेल तर आमच्याकडे उरलेल्या मानधनाच्या दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान बोलणी होतात. हा काही नियम नव्हे, आमची रीत आहे. करार कायद्याचं कलम ७३ मात्र त्याच्या बाजूनं उभं राहतं, कारण करार तुम्ही मोडलेला असतो.

दर्जाची तक्रार असेल तर आणखी जपून. "झालं नाही" आणि "चांगलं झालं नाही" या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सहा प्रकरणं तुम्ही घेतलीत, "छान" म्हणालात, पुढची मागवलीत, आणि आता सातव्याला म्हणता की सगळंच वाईट आहे, तर ते कोणी मानणार नाही. दर्जाची हरकत पहिल्या दोन प्रकरणांतच, लेखी आणि उदाहरणं देऊन घ्यायला हवी.

मुदतीचंही तसंच. करार कायद्याचं कलम ५५ सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असेल तर उशिरा आलेलं काम नाकारून करार संपवता येतो. पण उशिरा आलेलं काम तुम्ही काही न बोलता घेतलंत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. ती मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. मी तपासलं तेव्हा बाईंचं आठवं आणि नववं प्रकरण मुदतीनंतर आलं होतं, आणि माझं उत्तर होतं, "मिळालं बाई, सुरेख जमलंय, पुढचं सवडीनं पाठवा." म्हणून उशिराबद्दल कापाकापी करायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

थांबवण्याआधी एक तारीख द्या

एकदम "थांबा" म्हणायचं नाही. आधी एक पत्र द्यायचं, त्यात काय बाकी आहे, शेवटची तारीख कोणती आणि ती पाळता आली नाही तर काय करणार हे लिहायचं. पत्र ईमेलनं पाठवा आणि नोंद राहील अशा टपालानंही पाठवा. दोन ते तीन आठवडे द्या. मी ४ जुलैला पत्र पाठवून २५ जुलै ही तारीख दिली: तोवर दहावं आणि अकरावं प्रकरण मिळावं, आणि उरलेल्या सात प्रकरणांचं वेळापत्रक मिळावं.

पत्राआधी मी फोन मात्र केला. वयानं मोठ्या, घरात आजारपण असलेल्या माणसाच्या दारात पोस्टमन पहिल्यांदा असं पत्र घेऊन जाऊ नये. बाई म्हणाल्या, "अगं, मीच तुला सांगणार होते, पण तोंड होईना." २२ तारखेला त्यांचं लेखी उत्तर आलं की वेळापत्रक देता येणार नाही. ते उत्तर फार महत्त्वाचं होतं. करार का संपतोय याबद्दल नंतर वाद व्हायला जागाच उरली नाही.

मोजणी: इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यायला हवा. अनुवादकाला सांगा की एका ठरलेल्या दिवशी जे काही झालं असेल ते आहे त्या अवस्थेत पाठवा. कच्चं, अर्धवट, वहीतलं, सगळं. त्या तारखेनंतर आलेला मजकूर मोजणीत धरायचा नाही, हेही त्याच निरोपात लिहा. माझा पहिल्या वेळचा "आठ की बारा" हा वाद एवढ्या एका निरोपानं टळला असता.

मग मोजायचं कशात? मोजणी नेहमी मूळ पुस्तकाच्या पानांत करा. मराठी शब्द मोजलेत तर अनुवाद पसरट करणाऱ्याला जास्त आणि नेमकं लिहिणाऱ्याला कमी मिळतं. शिवाय भाषेगणिक शब्दसंख्या बदलते. कन्नडमध्ये प्रत्यय आणि शब्द एकमेकांना चिकटतात, तिथल्या एका लांब शब्दाचे मराठीत दोन-तीन होतात. इंग्रजीकडून येताना उलटं होतं, मराठी शब्द कमी भरतात. मूळ पुस्तकाची छापील पानं मात्र दोघांच्याही हातात तीच असतात. ठोक रकमेला पानांनी भागा: ७२,००० भागिले २४०, म्हणजे पानामागे ३०० रुपये. मूळ पुस्तकात चित्रांची किंवा कोरी पानं असतील तर ती आधी वगळा.

पानं मोजली म्हणजे काम मोजलं असं होत नाही. प्रत्येक प्रकरणातली मूळ पुस्तकाची तीन पानं कुठूनही निवडा आणि मराठीशी परिच्छेद लावून बघा. अनुवादात गळतं ते बहुतेक ठरलेल्या जागी: गाणी, ओव्या, म्हणी, तळटीपा आणि बोलीतले लांब संवाद. बाईंच्या सातव्या प्रकरणात पेरणीच्या गाण्याच्या चार ओळी नव्हत्या आणि समासात पेन्सिलीनं "नंतर" लिहिलं होतं. अशा जागांची यादी करा. चार ओळींसाठी पैसे कापायचे नसतात, पण पुढच्या अनुवादकाला त्या जागा माहीत असायला हव्यात.

मग प्रत्येक प्रकरण कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा. अनुवाद म्हणजे नुसता पहिला खर्डा नव्हे. खर्डा झाला, संपादकाच्या शंका आल्या, त्या सोडवून दुसरा पाठ झाला, आणि शेवटी छपाईआधी प्रूफ वाचून झालं, की मगच ७२,००० पूर्ण होतात. आमच्या कामात मी त्याची वाटणी खर्ड्याला ७० टक्के, दुरुस्त पाठाला २० आणि प्रूफवाचनाला १० अशी धरते. तुमची वाटणी वेगळी असू शकेल, पण ती अनुवादकासमोर मांडून त्याची संमती घ्या. करारातच लिहून ठेवता आली तर उत्तमच.

बाईंचा हिशेब असा निघाला. प्रकरण १ ते ६, मूळ पानं ७८, दुरुस्त पाठासह तयार. ७८ गुणिले ३०० म्हणजे २३,४००, त्याचे ९० टक्के २१,०६०. प्रकरण ७ ते ९, पानं ४२, फक्त खर्डा. १२,६०० चे ७० टक्के ८,८२०. दहाव्या प्रकरणाची आठ पानं वहीत होती, खाडाखोडीसह. तो खर्डाही नव्हता, म्हणून २,४०० चे निम्मे, १,२००. एकूण ३१,०८०.

आणि एक गोष्ट करारात नव्हती, पण कामाची होती. बाईंनी बोलीतल्या साडेतीनशेच्या आसपास शब्दांची वही केली होती, कोणत्या शब्दाला त्यांनी काय वापरलं त्याची. गौडा म्हणजे गावचा पाटील. त्यांनी पहिल्या प्रकरणात "गौडा" ठेवून तिथेच अर्थ ओवला होता आणि पुढे सगळीकडे "गौडा"च चालवलं होतं. जोळद रोट्टीला "ज्वारीची भाकरी", हब्बला "सण". ही वही मिळाली नाही तर नवा अनुवादक दहाव्या प्रकरणात "पाटील" आणि "रोटी" लिहिणार, आणि वाचकाला वाटणार की गावात नवीन माणूस आला. वहीचे मी २,००० वेगळे धरले. एकूण ३३,०८०. त्यातून आगाऊ दिलेले १५,००० वजा जाता देणं १८,०८० रुपये.

उलटं झालं असतं, म्हणजे आगाऊ रक्कम झालेल्या कामापेक्षा जास्त निघाली असती, तर काय? कायद्यानं फरक परत मागता येतो. प्रत्यक्षात तो क्वचितच येतो, कारण ते पैसे कधीच खर्च झालेले असतात. त्यासाठी आगाऊ रक्कम एकूण मानधनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवावी आणि पुढचे हप्ते प्रकरणांच्या संख्येशी बांधावेत.

ठोक रकमेचा एक धोका

काही प्रकाशक म्हणतात, ठोक करार होता, पुस्तक पूर्ण झालं नाही, सबब काहीच देणं नाही. असं म्हणून नऊ प्रकरणं मात्र वापरतात. हे चालत नाही. करार संपवणाऱ्यानं मिळालेला लाभ परत करायचा असतो (करार कायदा, कलम ६४), आणि फुकट देण्याच्या हेतूनं न केलेल्या कामाचा लाभ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा लागतो (कलम ७०). तुमच्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. मजकूर वापरणार असाल तर त्याचे पैसे द्या. पैसे द्यायचे नसतील तर मजकूर परत करा, तुमच्या संगणकावरून काढा आणि नव्या अनुवादकाला दाखवूसुद्धा नका. "संदर्भासाठी" म्हणून दाखवलेला जुना अनुवाद नव्यात उतरतोच, आणि दोन मजकूर शेजारी ठेवले की ते लगेच दिसतं.

भेट

हा हिशेब फोनवर सांगू नका. आम्ही कराडला भेटायचं ठरवलं. सांगलीहून मला आणि साताऱ्याहून बाईंना ते जवळपास मध्यावर पडतं. २ ऑगस्टला स्टँडजवळच्या एका उपाहारगृहात बसलो. मी प्रकरणवार तक्ता छापून नेला होता, दोन प्रती. त्यात प्रकरण, मूळ पानं, अवस्था, टक्के आणि रक्कम. बाईंनी चष्मा लावून तो ओळीओळीनं वाचला आणि सातव्या प्रकरणावर बोट ठेवलं. "याचा दुसरा पाठ मी केलाय की. तुला पाठवायचा राहिला असेल." मी सांगितलं, ठरलेल्या तारखेपर्यंत आलेला धरायचा असं आपलं ठरलंय, पण फाईल असेल तर दाखवा. त्यांच्या पेनड्राइव्हवर फाईल होती, उघडून पाहिली, सुरुवातीच्या तीन पानांवरच दुरुस्त्या होत्या. त्या तीन पानांचे २० टक्के, १८० रुपये, मी द्यायला तयार होते. बाई म्हणाल्या, "राहू दे, तक्ता बरोबर आहे." भेटीत तक्ता समोर असला की बोलणं माणसावरून निघून कागदावर येतं. म्हणून तक्ता कितीही छोटा असला तरी छापूनच न्या.

मला बाईंकडून एक गोष्ट हवी होती: पहिल्या सहा प्रकरणांची प्रुफं त्यांनीच वाचावीत. त्यांना ते जमण्यासारखं होतं. त्याचे राहिलेले दहा टक्के, २,३४०, प्रुफं परत आल्यावर द्यायचे ठरले. अनुवादकाशी संबंध चांगले असतील तर हा भाग मोकळा ठेवा. स्वतःचं वाक्य छपाईत कुठे मोडलंय हे त्याच्याइतकं कोणाला दिसत नाही.

समाप्तीचा कागद

सगळ्यात गरजेचा कागद हाच. पैसे आणि हक्क एकाच कागदात, एकाच सहीखाली. आमच्या कागदातली महत्त्वाची वाक्यं देते. तुमच्या प्रकरणाप्रमाणे बदला आणि सहीआधी एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

> दिनांक … रोजीचा अनुवाद करार उभय पक्षांच्या संमतीने आज संपुष्टात येत आहे.
>
> अनुवादकाने पूर्ण केलेले काम सोबतच्या तक्त्यात नमूद केल्याप्रमाणे असून तो तक्ता या कागदाचा भाग आहे. त्यापोटी एकूण रक्कम रु. ३३,०८० ठरली असून पूर्वी दिलेले रु. १५,००० वजा जाता रु. १८,०८० प्रकाशक देणे लागतात.
>
> ही रक्कम अनुवादकाच्या खात्यात जमा होताच, तक्त्यातील मजकुराचे छापील व ई-पुस्तक स्वरूपातील प्रकाशनाचे हक्क, भारत व भारताबाहेर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, अनुवादकाकडून प्रकाशकाकडे हस्तांतरित होतील.
>
> उर्वरित अनुवाद अन्य व्यक्तीकडून करून घेण्यास आणि प्रकरण ७ ते ९ चे संपादन व दुरुस्ती करण्यास अनुवादकाची संमती आहे.
>
> पुस्तकाच्या श्रेयपानावर अनुवादकाचे नाव प्रकरण १ ते ९ चे अनुवादक म्हणून छापले जाईल.
>
> प्रूफवाचनाचे रु. २,३४० वगळता उभय पक्षांचे एकमेकांकडे काही देणे-घेणे शिल्लक नाही.

तिसऱ्या परिच्छेदात मुदत आणि प्रदेश मुद्दाम लिहिले आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचंच मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर ते भारतापुरतंच मानलं जातं. तिथेच आणखी एक अट आहे. मिळालेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो संपल्याचं धरलं जातं, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तुमचं पुस्तक वर्षभरात निघणार नसेल तर "वापर एक वर्षात न झाला तरी हस्तांतरण कायम राहील" हे वाक्य जोडा.

संमतीचं आणि श्रेयाचं वाक्य त्याच कायद्याच्या कलम ५७ मुळे आहे. हक्क दिल्यानंतरही अनुवादकाचा नावावरचा अधिकार राहतो, आणि आपल्या मजकुराची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाधा आणली तर हरकत घ्यायचा अधिकारही राहतो. कोणाला अर्धवट पुस्तकावर नाव नको असतं. तसं असेल तर तेही त्यानं लिहून द्यावं.

आम्ही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोन प्रती केल्या. तुमच्या कागदाला किती मुद्रांक लागेल ते वकिलाकडून ठरवून घ्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, तक्त्यावरही.

पैसे त्याच दिवशी

हक्क पैसे जमा होण्याशी बांधला असल्यामुळे उशीर केलात तर तुमचंच अडतं. मी कराडहूनच बाईंच्या खात्यात रक्कम पाठवली आणि त्यांनी मोबाइलवर पाहिल्यावर आम्ही चहा घेतला. रोख देऊ नका. बँकेच्या नोंदीत "अनुवाद मानधन, अंतिम" असं लिहा आणि साधी पावती घ्या.

करकपातीचा विचार आधी करा. वर्षभरात एका व्यक्तीला दिलेलं व्यावसायिक मानधन ५०,००० च्या वर गेलं तर दहा टक्के करकपात लागते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची आहे, आधी ती ३०,००० होती. मात्र वैयक्तिक मालकीचा छोटा व्यवसाय असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर ती जबाबदारी येत नाही. कापायची असेल तर तक्त्यातच दाखवा. अनुवादकाला खात्यात कमी रक्कम दिसली आणि कारण माहीत नसलं, की जुळलेलं पुन्हा तुटतं.

नव्या अनुवादकाकडे सोपवताना

समाप्तीच्या कागदावर सही होईपर्यंत नव्या माणसाला मजकूर पाठवायचा नाही, बोलणी मात्र आधीच सुरू करायला हरकत नाही. त्याआधी मूळ प्रकाशकाचा करार बघा. अनुवादक बदलायचा तर त्यांची लेखी संमती लागते असं कलम अनेक परवानग्यांत असतं. आमच्यात होतं. एक ईमेल आणि नव्या अनुवादकाच्या नमुन्याची पाच पानं, एवढ्यावर संमती आली.

मिरजेचे एक तरुण अनुवादक पुढे आले. त्यांनी ७ ते ९ आधी वाचली, बाईंची शब्दांची वही घेतली आणि दहावं प्रकरण नव्यानंच करतो म्हणाले. बाईंची आठ पानं वापरली गेली नाहीत, पण त्यांचे १,२०० द्यायचेच होते, कारण ते काम आमच्याच सांगण्यावरून झालं होतं. उरलेली १२० पानं, पानामागे ३५० प्रमाणे ४२,०००, आणि मधल्या तीन प्रकरणांचं पुनर्लेखन व प्रूफवाचन ४,२००. बाईंचे सगळे धरून ३५,४२०. एकूण ८१,६२०, म्हणजे ठरलेल्यापेक्षा ९,६२० जास्त. अनुवादक बदलला की खर्च वाढतोच. नवा माणूस घाईचा आणि सांधे जुळवण्याचा दर मागतो, आणि ते योग्यच आहे. थांबवण्याचा निर्णय घेण्याआधी ही वाढ धरून गणित करा. कधी कधी जुन्याच अनुवादकाला एखादा मदतनीस देणं स्वस्त पडतं.

ही वाढ पहिल्या अनुवादकाकडून कापून घेता येते का? त्यानं विनाकारण करार मोडला असेल आणि तुम्ही उशिराची हरकत वेळेवर नोंदवली असेल, तर करार कायद्याच्या कलम ७३ खाली तेवढं नुकसान मागता येतं. करारात दंडाचा आकडा लिहिला असेल तर कलम ७४ प्रमाणे त्या आकड्यापर्यंतच, आणि तोही वाजवी वाटेल तेवढाच. पण परस्पर कापून पैसे पाठवलेत तर समाप्तीच्या कागदावर सही मिळत नाही. आणि सही नाही तर छापताही येत नाही. नऊ-दहा हजारांसाठी सांगलीच्या कोर्टात तारखा घेत बसण्यापेक्षा तो खर्च पुस्तकाच्या खात्यात धरणं मला परवडलं.

कराराचे, पत्रांचे, तक्त्याचे आणि बँकेच्या नोंदींचे कागद एकत्र बांधून ठेवा. पैशाच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते, हक्काचा कागद मात्र पुस्तक चालू असेपर्यंत लागतो. आमच्या गठ्ठ्यात बाईंची शब्दांची वहीही आहे. शेवटच्या पानांवर मिरजेच्या अनुवादकाच्या अक्षरात आणखी ६० शब्द वाढलेत.